ऑडिटला येताय, पण नेमकं काय बघायला?

भोसरीतल्या एखाद्या मध्यम कारखान्यात मोठ्या ग्राहकाकडून असा मेल येतो: ‘येत्या पंधरवड्यात आमची टीम आपल्या कारखान्याच्या गुणवत्ता व्यवस्थेचं ऑडिट करण्यासाठी भेट देईल. कृपया सहकार्य करावे.’ बस्स, एवढंच. मग जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगतात, फलक चकचकीत होतात, फायलींना नवी लेबलं लागतात. ठरलेल्या दिवशी पाहुणे येतात, तासभर सादरीकरण बघतात, फायली चाळतात, शॉपफ्लोअरवर चक्कर मारतात. भरपूर गुण पडतात. आणि पुढच्या तिमाहीत त्याच कारखान्याचा माल परत येतो.

अशा वेळी दोष ऑडिटरच्या डोळ्यांना दिला जातो. माझ्या मते तो बऱ्याचदा त्या दोन ओळींच्या मेलमध्येच असतो. ग्राहकाला काय दिसणार हे भेटीच्या दिवशी ठरत नाही. कोणत्या तारखा मागितल्या, काय तपासणार म्हणून लिहिलं आणि कोण हजर हवं म्हणून सांगितलं, त्यावर ते आधीच ठरून गेलेलं असतं.

एक कल्पित पण पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कुणालाही ओळखीचं वाटेल असं उदाहरण घेऊ. चाकणचा ग्राहक गिअरबॉक्स बनवतो. भोसरीचा पुरवठादार त्याला गिअर देतो. हा गिअर वरून कठीण आणि आतून चिवट लागतो. त्यासाठी तो भट्टीत साधारण ९२० अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वायूत काही तास ठेवतात आणि मग तेलात झटकन थंड करतात. कार्बन पृष्ठभागातून हळूहळू आत मुरतो आणि वरचा थर कठीण होतो. ड्रॉइंगवर दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत: पृष्ठभागाची हार्डनेस ५८ ते ६२ एचआरसी आणि कठीण थराची खोली किमान ०.८ मिलिमीटर.

चाकणला आलेल्या एका लॉटमधला गिअर कापून पाहिला, तर खोली ०.७५ च्या आसपास निघाली. हार्डनेस मात्र ६० होती, म्हणजे अगदी ठीक. गोम इथेच आहे. हार्डनेस वरून टोचून मोजता येते, खोली मोजायला गिअर कापावाच लागतो. शेकडो गिअरच्या लॉटमधला एखादा कापायचा आणि उरलेल्यांसाठी भट्टीवर विश्वास ठेवायचा, असा हा मामला. म्हणून अशा कामात तयार मालापेक्षा प्रक्रिया तपासणं जास्त महत्त्वाचं ठरतं.

भट्टी दगा कशी देते? तापमान मोजणारा थर्मोकपल जुना झाला की चुकीचं दाखवू लागतो. पडद्यावर ९२०, आत मात्र ८९५. हा पंचवीस अंशांचा फरक किरकोळ वाटतो, पण तेवढ्याच वेळात कार्बन साधारण सातव्या हिश्शाने कमी खोल जातो. ०.९ मिलिमीटरचं गणित मांडलेलं असेल, तर हाती पाऊण मिलिमीटरच्या थोडं वर येतं. टोपलीत गिअर दाटीने भरले आणि वायू मधल्या गिअरांपर्यंत नीट पोहोचला नाही, तरीही असंच होतं. यातलं काहीही सभागृहातल्या सादरीकरणात दिसत नाही.

आता ग्राहकाला भोसरीला जायचंय. पहिला प्रश्न व्याप्तीचा. ‘गुणवत्ता व्यवस्थेचं ऑडिट’ या शब्दांत सगळं येतं आणि काहीच येत नाही. त्यात एक खाच आहे. भोसरीचा पुरवठादार गिअर कापतो, घासतो, पॅक करतो, पण भट्टी त्याची नाही. गिअर चलनावर दुसऱ्या गल्लीतल्या जॉबवर्कवाल्याकडे जातात आणि कठीण होऊन परत येतात. पत्रात फक्त भोसरीच्या कारखान्याचा पत्ता असेल, तर दोन दिवस कसून ऑडिट करूनही जिथे चूक झाली त्या जागेला ऑडिटरचे पाय लागणार नाहीत. त्यावर कोणी खोटं बोललं असंही म्हणता येणार नाही.

व्याप्तीबाहेर राहिलेल्या गोष्टीची किंमत किती मोठी असू शकते, हे जगाने २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात पाहिलं. राणा प्लाझा कोसळून १,१०० हून अधिक माणसं गेली. त्या इमारतीतल्या काही कपडे कारखान्यांचं सामाजिक ऑडिट आधी झालेलं होतं, पण इमारतीच्या बांधकामाची मजबुती त्या ऑडिटच्या व्याप्तीत नव्हतीच. आपल्या गिअरचं प्रकरण अर्थातच त्या मापाचं नाही, पण न लिहिलेली गोष्ट न बघितलेली राहते हा नियम दोन्हीकडे सारखाच.

म्हणून व्याप्ती पार्ट नंबरपासून लिहावी. अमुक नंबरचा गिअर, फोर्जिंग आत येण्यापासून डिस्पॅचपर्यंत, जॉबवर्कवाल्याच्या भट्टीसह. कोणत्या कसोटीवर तपासणार तेही सांगावं. हीट ट्रीटमेंटसाठी वाहन उद्योगात सीक्यूआय-९ ही पद्धत चालते. ती अमेरिकेतल्या एआयएजी या संघटनेची असून तिची चौथी आवृत्ती २०२० मध्ये आली. भट्टीवाल्याने वर्षातून एकदा स्वतःच स्वतःला तपासावं, अशी तिची अपेक्षा आहे. ती स्वतपासणी आणि थर्मोकपलच्या अचूकतेच्या शेवटच्या चाचणीचा अहवाल पत्रातच आगाऊ मागून घ्यावा. ते कागद भेटीआधी वाचून झाले, तर भेटीचा वेळ भट्टीपाशी घालवता येतो.

तारखेबद्दल बहुतेक जण सोयीचाच विचार करतात. इथे मात्र तारीख भट्टीला विचारून ठरवावी लागते. हा गिअर रोज भट्टीत जात नाही. आठवड्यातून दोनदा त्याचा चार्ज लागत असेल आणि आपण तिसऱ्याच दिवशी पोहोचलो, तर ‘साहेब, आज तुमचा पार्ट लागला नाही’ हे ऐकून परतावं लागतं. उरतात फायली. शिवाय एक चार्ज तापून, मुरून, तेलात पडेपर्यंत सहा तास सहज जातात. ऑडिटर अकराला पोहोचला आणि चारला निघाला, तर त्याने एक तर टोपली भरताना पाहिलेली नसते किंवा तेलात पडताना. साडेनऊला चार्ज आत गेला पाहिजे, असं पत्रातच लिहिलं तरच दोन्ही दिसतं.

बाकी अडचणी गावाच्या आहेत. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. बाहेरगावच्या मुख्यालयातून गुरुवारची तारीख काढणारे साहेब आजही भेटतात. खंडेनवमीला मशिनांची पूजा असते, त्यामुळे त्याच्या आगेमागे मशिनं पुसलेली असतात, चाललेली नसतात. महिनाअखेर टाळावी असं सगळेच सांगतात, कारण डिस्पॅचची घाई असते. मला तो सल्ला तितकासा पटत नाही. घाईतच तर टोपलीत चार गिअर जास्त भरले जातात.

जॉबवर्कवाल्याकडे जायचं, तर त्याची संमती हवी. त्याचा चाकणच्या ग्राहकाशी थेट करार नाही आणि त्याच्या भट्टीत कदाचित प्रतिस्पर्ध्याचाही माल असतो. म्हणून फोटो फक्त आपल्याच पार्टचे काढू, हे पत्रात आधीच कबूल करावं. तशी संमती जमवायला आणि चार्जचं वेळापत्रक जुळवायला तीन-चार आठवडे लागतात. पंधरवड्याची मुदत घाईची होते.

हजेरीच्या यादीत पुरवठादार सहसा आपली बोलकी माणसं घालतो. ग्राहकाने मात्र हुद्दे सांगून माणसं मागावीत. आपल्या गिअरचा चार्ज पहिल्या पाळीत आत जातो आणि दुसऱ्या पाळीच्या तोंडावर बाहेर येतो. भरणारा एक, काढणारा दुसरा, म्हणून दोन्ही पाळ्यांचे ऑपरेटर हवेत. थर्मोकपल बदलणारा मेंटेनन्सचा माणूस हवा, आणि चलन फाडणारा स्टोअरवालाही हवा, कारण लॉट कुठे मिसळला हे त्यालाच ठाऊक असतं. मालकांनी समारोपाला असलंच पाहिजे. भट्टीवर खर्च करायचा की नाही, याचं उत्तर क्वालिटी मॅनेजर देऊ शकत नाही.

ग्राहकाकडून दोघं पुरेत: पुरवठादारांच्या गुणवत्तेचं काम पाहणारा इंजिनिअर आणि धातुशास्त्र जाणणारा एक जण. खरेदी विभागाच्या अधिकाऱ्याने सुरुवातीला आणि समारोपाला यावं, मधे येऊ नये. तो भट्टीपाशी उभा राहिला की बोलणं दरावर घसरतं आणि ऑपरेटर गप्प होतो.

हे सगळं जमवून पत्र असं होतं:

‘आपल्याकडून आलेल्या अमुक लॉटमध्ये कठीण थराची खोली कमी आढळली. त्या अनुषंगाने मंगळवार १० व बुधवार ११ मार्च रोजी प्रक्रिया ऑडिटसाठी येण्याची परवानगी मिळावी. पर्यायी तारखा १७ व १८ मार्च. पहिल्या दिवशी आपला कारखाना: फोर्जिंगची आवक, मशिनिंग, लॉटची ओळख, तपासणी. दुसऱ्या दिवशी आपल्या जॉबवर्क पुरवठादाराची भट्टी: चार्ज भरण्यापासून टेम्परिंगपर्यंत, सीक्यूआय-९ नुसार. दुसऱ्या दिवशी सकाळी ९.३० वाजता सदर पार्टचा चार्ज लागेल अशी व्यवस्था करावी. दर, नवीन पार्ट व इतर ग्राहकांचा माल व्याप्तीबाहेर आहे. आमच्याकडून दोघे येतील, खरेदी अधिकारी प्रारंभ व समारोपास उपस्थित राहतील. आपल्याकडून पुढील हुद्द्यांची उपस्थिती अपेक्षित आहे…’

व्याप्तीबाहेर काय आहे, हे लिहिणं पुरवठादाराच्या हिताचं असतं. नाही तर गिअर बघायला आलेला पाहुणा कँटीनच्या नळावर शेरा मारून जातो.

एवढी तयारी करून गेलेल्याला काय दिसतं? भिंतीवरच्या नोंदवहीत दर तासाला ९२०, ९२०, ९२० लिहिलेलं असतं, एकाच पेनने, एकाच हाताने. शेजारच्या रेकॉर्डरचा आलेख मात्र वरखाली हलत असतो, जसा खऱ्या भट्टीचा हलतो. गुरुवारी, सुट्टीच्या दिवशीही वहीत नोंद सापडली, तर ती संध्याकाळी बसून भरलेली आहे हे उघड आहे. थर्मोकपल शेवटचा कधी बदलला, हे क्वालिटी मॅनेजरला नाही तर मेंटेनन्सवाल्याला विचारलं की उत्तर लगेच येतं, आणि ते कागदावरच्या तारखेशी जुळतं की नाही ते तिथेच कळतं.

दोन दिवसांत एक चार्ज पाहून होतो, एवढी या पद्धतीची मर्यादा आहेच. कळवून गेल्यामुळे तो चार्ज जरा जास्तच काळजीने भरला जातो. म्हणून ऑडिटरने पाहिलेल्या चार्जवर समाधान न मानता गोदामातल्या एखाद्या जुन्या पेटीचा लॉट नंबर घ्यावा आणि चलनांच्या आधारे त्या दिवसाच्या आलेखापर्यंत मागे जावं. ती पेटी भरली तेव्हा कोणी पाहुणा येणार नव्हता.

पुरवठादारांना एक सांगणं: असं मोघम पत्र आलं, तर सहकार्य करू म्हणून लगेच उत्तर देऊ नका. कोणता पार्ट, कोणती भट्टी आणि कोणत्या कसोटीवर, एवढे तीन प्रश्न परत पाठवा आणि त्यांची उत्तरं आल्यावरच तारीख द्या.