डायलिसिसचे चार तास आणि कारखान्याची शिफ्ट

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. सगळ्या औद्योगिक भागांवर विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून ही पद्धत पडली आणि इथल्या कामगारांच्या ती अंगवळणी पडली आहे. एरवी या गुरुवारचं अप्रूप कुणाला नसतं. पण मूत्रपिंड निकामी होऊन ज्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं, त्याची नोकरी टिकणार की नाही याचं निम्मं गणित या गुरुवारात असतं.

हीमोडायलिसिसची केंद्रं साधारणपणे दोनच वारी चालवतात. एक सोमवार-बुधवार-शुक्रवार, दुसरी मंगळवार-गुरुवार-शनिवार. रविवारी केंद्र बंद असतं, किंवा फक्त तातडीचे रुग्ण घेतं. दिवसभरात एका मशीनवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी असे दोन-तीन रुग्ण होतात. दोन रुग्णांच्या मध्ये मशीन निर्जंतुक करावं लागतं, म्हणून वेळा ठरलेल्या असतात आणि मागेपुढे फारशा सरकत नाहीत.

समजा, चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करणारा बेचाळिशीचा ऑपरेटर आहे. सुट्टी गुरुवारी. पहिली शिफ्ट सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा, तिसरी रात्रीची आणि दर आठवड्याला शिफ्ट बदलते. त्याला सोमवारची वारी मिळाली, तर आठवड्यातले कामाचे तीन दिवस डायलिसिसशी भिडतात. मंगळवारची मिळाली तर दोनच, कारण गुरुवार सुट्टीतच जातो. म्हणून साहेबांच्या केबिनमध्ये जायच्या आधी त्याने डायलिसिस केंद्राच्या इनचार्जकडे जायला हवं. पहिली घासाघीस तिथे होते, आणि बहुतेक जण नेमकी तीच चुकवतात. केंद्राने दिलेली वारी निमूटपणे घेतात आणि मग सगळा भार कारखान्यावर टाकतात. नव्या रुग्णाला सहसा कुणी नको म्हटलेली वेळ मिळते. नोकरदारांना हवी असलेली संध्याकाळची वेळ बहुधा भरलेली असते. तरी प्रतीक्षा यादीत नाव लावून ठेवावं आणि अधूनमधून आठवण करून द्यावी. महात्मा फुले जनआरोग्य योजना किंवा ईएसआयमधून उपचार चालू असतील, तर योजनेशी जोडलेल्या केंद्रातच जावं लागतं. मनाजोगती वेळ शेजारच्या केंद्रात असली तरी उडी मारता येत नाही.

आपल्या ऑपरेटरला मंगळवार-गुरुवार-शनिवार, संध्याकाळी साडेचारची वेळ मिळाली असं धरू. आता सुपरवायझरशी बोलणं. इथे एक गोष्ट मनात पक्की हवी: चार तासांतलं एक मिनिटही देऊ करायचं नाही. "अरे, तीन तासांत आटप ना, तासभर लवकर ये," असं साहेब सहज म्हणून जातात. त्यात दुष्टपणा नसतो. त्यांना ते रक्त तपासून घेण्यासारखं काम वाटतं. रुग्णालाही वाटतं, एक तास सोडला तर काय बिघडलं?

बिघडतं ते असं. लघवी जवळजवळ बंद झालेली असते, त्यामुळे दोन डायलिसिसच्या मध्ये प्यायलेलं पाणी अंगात साठतं. समजा, रुग्णाचं वजन साठ किलो आहे आणि तीन लिटर पाणी काढायचं आहे. चार तासांत काढलं तर तासाला ७५० मिलिलिटर, म्हणजे दर किलो वजनामागे तासाला साडेबारा मिलिलिटर. डॉक्टर साधारण तेरापर्यंतची गती ठीक मानतात. तेच तीन तासांत उरकलं तर तासाला एक लिटर होतं आणि आकडा साडेसोळाच्या वर जातो. इतक्या वेगाने पाणी ओढलं की रक्तदाब कोसळतो, पायात पेटके येतात, उलटी होते, कधी शुद्ध हरपते. वारंवार असं झालं तर हृदयालाही इजा पोहोचते. पाणी कमी काढलं तर ते अंगात राहतं आणि पुढच्या दोन दिवसांत दम लागतो. म्हणजे वाचवलेला तास दुसऱ्या दिवशीच्या गैरहजेरीत जातो. साहेबांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवला तर तो पटतो, कारण उत्पादनाची गती आणि मशीनवरचा ताण ही त्यांची रोजची भाषा आहे.

शिवाय चार तास म्हणजे निव्वळ मशीनवरचे. आधी वजन, रक्तदाब, सुया लावणं. नंतर सुया काढल्या की रक्त थांबेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं दाबून धरणं. साडेतीनला कार्ड पंच केलं, सव्वाचारला केंद्रात पोहोचलं, पावणेपाचला मशीन सुरू झालं, तर बाहेर पडायला नऊ वाजतात आणि घरी जेवायला पावणेदहा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा गेटवर. जमतं, पण साडेतीनला खरोखर सुटका झाली तरच. "एवढी लॉट संपवून जा" म्हणत साडेचार झाले, तर केंद्रातली पाळी पुढच्या रुग्णाच्या वेळेत घुसते आणि टेक्निशियनचाही नाइलाज होतो.

डायलिसिस करून मग दुसऱ्या शिफ्टला यायचं, असाही पर्याय असतो. सकाळची वेळ मिळालेल्यांना तोच घ्यावा लागतो. मशीन शॉपमध्ये मात्र तो दुय्यम समजावा. डायलिसिस चालू असताना रक्त गोठू नये म्हणून हिपॅरिन देतात. त्याचा अंमल काही तास टिकतो, आणि तेवढ्या वेळात लोखंडाच्या धारदार चिप्सने बोट कापलं तर रक्त लवकर थांबत नाही. त्यातच डायलिसिसनंतर अंग पिळून काढल्यासारखं होतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा माणसाला फिरत्या मशीनसमोर उभं करायला शहाणा सुपरवायझर स्वतःच तयार होत नाही. आधी काम, मग डायलिसिस हा क्रम मागायला याहून बळकट कारण शोधावं लागणार नाही.

तेव्हा नेमकं मागायचं काय? कायमची पहिली शिफ्ट. मंगळवारी आणि शनिवारी वेळेवर गेट पास, त्या दिवशी ओटी नाही. महिनाअखेरीला माल रवाना करायची घाई असली तरी गुरुवारी बोलावणं नाही. आणि ज्या हातात फिस्टुला आहे, त्या हाताने जड जॉब उचलायचे नाहीत. फिस्टुला म्हणजे शस्त्रक्रियेने रोहिणी आणि नीला जोडून तयार केलेली जाडसर रक्तवाहिनी. सुया तिथेच टोचतात. तो हात रुग्णाची जीवनवाहिनी असतो, त्यावर दाब किंवा वजन पडता कामा नये.

मंगळवारबद्दल एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. शनिवार रात्रीपासून मंगळवार संध्याकाळपर्यंतचं अंतर आठवड्यातलं सर्वांत लांब. अमेरिकेतल्या सुमारे ३२ हजार रुग्णांचा एक अभ्यास २०११ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयविकाराने दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त आढळलं. म्हणून सोमवारी आणि मंगळवारी धाप लागेल अशी कामं, मालाच्या ट्रॉल्या ढकलणं वगैरे, टाळून मिळावीत. तपासणीच्या टेबलावरचं काम त्या दोन दिवसांत चालेल.

साहेबांची बाजूही समजून घेऊन बोलावं. त्यांची खरी अडचण आजार नसते, लाइनवरचे बाकीचे लोक असतात. एकाला कायमची पहिली शिफ्ट दिली की दुसऱ्या दिवशी चौघं उभी राहतात, "मग आम्हाला का नाही?" म्हणून. यावर डॉक्टरांचं पत्र हेच उत्तर. पण "सदर रुग्ण उपचार घेत आहे, कृपया सहकार्य करावे" एवढ्यावर भागत नाही. वार, वेळ, किती तास, उपचार किती काळ चालणार (प्रत्यारोपण होईपर्यंत किंवा कायम) आणि कोणत्या हाताने वजन उचलायचं नाही, हे त्यात स्पष्ट हवं. सोबत आपण काय सोडतोय तेही सांगावं. रात्रपाळीचा भत्ता जाणार हे आपण मान्य केलं आहे. रविवारी कुणी गैरहजर असेल तर पहिल्या शिफ्टला बदली काम करू. आपल्या मशीनवर एक रिलीव्हर तयार करू, म्हणजे अडीअडचणीला लाइन थांबणार नाही. हा शेवटचा मुद्दा सुपरवायझरच्या कानाला सर्वांत गोड लागतो.

घाई करू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. डायलिसिस सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे सगळंच अस्थिर असतं. अंगात जास्तीचं पाणी नसताना रुग्णाचं वजन किती असावं, ते ठरायला वेळ लागतो. फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने लागतात, तोवर गळ्यापाशी कॅथेटर असतं. त्या काळात रजा किंवा तात्पुरती सोय मागावी आणि कायमचं बोलणं नंतर करावं. ईएसआयचं संरक्षण असेल आणि आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर डॉक्टरांनी कामावर न जाण्याचं प्रमाणपत्र दिलेल्या दिवसांसाठी पगाराच्या ७० टक्के आजारपण भत्ता मिळतो, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. हे दिवस जपून वापरावेत. फिस्टुला बंद पडला, ताप आला, तर तेच उपयोगी येतात.

कायद्याच्या आधाराबद्दल गैरसमज नको. दिव्यांग हक्क कायदा २०१६च्या यादीत २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया त्यात आहेत, पण मूत्रपिंड निकामी होणं नाही. त्यामुळे "कायद्याने मला ही शिफ्ट द्यावीच लागेल" असं नुसत्या डायलिसिसच्या बळावर म्हणता येत नाही. या त्रुटीकडे कामगार संघटनांनी आजवर द्यायला हवं तेवढं लक्ष दिलेलं नाही, असं माझं मत आहे. युनियन असेल तर तिच्या प्रतिनिधीला मात्र बोलण्याला सोबत न्यावं.

ठरलेलं तोंडी राहिलं की ते साहेबांच्या बदलीबरोबर जातं. नवा सुपरवायझर येतो, त्याला काही ठाऊक नसतं आणि पुढच्या आठवड्याच्या चार्टवर नाव रात्रपाळीत लागतं. शिवाय शिफ्ट ठरवणं सुपरवायझरच्या हातात असलं, तरी भत्ता आणि रजा एचआरकडे असतात. म्हणून एका पानाचा अर्ज करावा, त्याला डॉक्टरांचं पत्र जोडावं, प्रत एचआरला द्यावी. दिवाळीत किंवा गणपतीत केंद्राचे वार बदलतात, कधी पाणी शुद्ध करणारं संयंत्र बिघडतं. अशा वेळी बदली दिवस मिळेल, त्याची खबर आदल्या दिवशी देऊ, हेही त्यात लिहावं. दर तीन महिन्यांनी फेरविचार करू, असं एक वाक्य घातलं तर साहेबांना सही करणं सोपं जातं. अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय ऑफिसमधून बाहेर पडू नका.