एका उकळबिंदूचे दोन शेजारी

बेंझीन ८०.१ अंशांना उकळते, सायक्लोहेक्झेन ८०.७ला. या मिश्रणाचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल समजा असा आला: शिखरे ४.२ आणि ४.३ मिनिटांवर, पायथ्याशी प्रत्येकाची रुंदी ०.१ मिनिट. नमुना टोचल्यापासून शिखर येईपर्यंतचा वेळ म्हणजे धारणकाळ. दोन वेळांतला फरक भागिले सरासरी रुंदी, म्हणजे विभेदन, इथे फक्त १ भरते. पायथे अजून एकमेकांत मिसळलेले आहेत. पूर्ण सुटायला १.५ लागते.

अध्रुवीय सिलिकोन कॉलम मुख्यतः उकळबिंदूनुसार वेगळे करतो, म्हणून इथे तो अपुरा पडतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा ध्रुवीय कॉलम बेंझीनच्या इलेक्ट्रॉन-ढगाला धरून ठेवतो. सायक्लोहेक्झेन लवकर निसटते, बेंझीन बरेच मागे राहते. मात्र कॉलम बदलला की जुने धारणकाळ निरुपयोगी; शुद्ध नमुने पुन्हा चालवूनच शिखरांना नावे द्यावीत.