सातव्या कोडॉनमधलं एक अक्षर

सिकलसेलच्या तपासणीचा अहवाल आला की त्यावर ‘एएस’ किंवा ‘एसएस’ असं लिहिलेलं असतं. गडचिरोली, नंदुरबार, नागपूर या भागांतल्या कितीतरी घरांना त्याचा अर्थ ठाऊक आहे: एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. जनुकाची तपासणीही केलेली असेल, तर अहवालात आणखी एक ओळ दिसते:

```
HBB: c.20A>T
```

ही ओळ गूढ वाटते, पण ती वाचायला लागणारं साधन शाळा-कॉलेजच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातच आहे. प्रथिननिर्मितीच्या आकृतीशेजारी चौकटी-चौकटींचा एक कोडॉन तक्ता असतो, तोच. परीक्षेपुरता पाहून आपण तो मिटून ठेवतो. इथे तो उघडून ही ओळ वाचू.

HBB हे अकराव्या गुणसूत्रावरच्या जनुकाचं नाव. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. त्यातल्या बीटा साखळीची कृती या जनुकात लिहिलेली असते. अस्थिमज्जेत लाल पेशी तयार होत असताना या जनुकाची आरएनएमध्ये नक्कल निघते, तिच्यातले अनावश्यक तुकडे कापले जातात आणि उरलेली फीत पेशीकेंद्राबाहेर येते. हाच संदेशवाहक आरएनए. त्यात A, U, G, C ही चारच अक्षरं असतात. डीएनएमध्ये जिथे T असतो, तिथे आरएनएमध्ये U येतो.

बीटा साखळीच्या संदेशातली, कामाची पहिली तीस अक्षरं अशी आहेत:

```
AUGGUGCAUCUGACUCCUGAGGAGAAGUCU
```

पेशीतल्या फितीवर अक्षरांमध्ये मोकळी जागा नसते, विरामचिन्हं नसतात. शिवाय या तीस अक्षरांच्या आधी पन्नासेक अक्षरं अशी आहेत, ज्यांचं प्रथिनात रूपांतर होतच नाही. मग वाचायला सुरुवात कुठून करायची? रायबोसोमचा लहान भाग फितीच्या पुढच्या टोकाला पकड घेतो आणि AUG भेटेपर्यंत सरकत जातो. AUG भेटल्यावर मोठा भाग येऊन जोडला जातो आणि वाचन सुरू होतं. या AUG मुळे दोन गोष्टी एकदम ठरतात. पहिलं अमायनो आम्ल मिथिओनिन असणार, हे ठरतं. आणि तिथून पुढे तीन-तीन अक्षरांचे गट कसे पडणार, हेही ठरतं. प्रत्येक गट म्हणजे एक कोडॉन.

आता तक्ता घेऊ. चार अक्षरांतून तीन-तीनचे 64 गट होतात. त्यांपैकी 61 गट 20 अमायनो आम्लांसाठी आहेत आणि UAA, UAG, UGA हे तीन ‘थांबा’ सांगतात. तक्त्यात डाव्या बाजूला पहिलं अक्षर, वर दुसरं आणि उजवीकडे तिसरं शोधायचं असतं. सगळा तक्ता इथे देण्याची गरज नाही. G ने सुरू होणारा त्याचा चौथा हिस्सा आपल्या कामाला पुष्कळ आहे:

```
GUU GUC GUA GUG → व्हॅलिन
GCU GCC GCA GCG → अ‍ॅलानिन
GAU GAC         → अ‍ॅस्पार्टिक आम्ल
GAA GAG         → ग्लुटामिक आम्ल
GGU GGC GGA GGG → ग्लायसिन
```

पूर्ण तक्ता शेजारी ठेवून आपली फीत वाचली की आकृती अशी तयार होते:

```
1   AUG  मिथिओनिन
2   GUG  व्हॅलिन
3   CAU  हिस्टिडिन
4   CUG  ल्युसिन
5   ACU  थ्रिओनिन
6   CCU  प्रोलिन
7   GAG  ग्लुटामिक आम्ल
8   GAG  ग्लुटामिक आम्ल
9   AAG  लायसिन
10  UCU  सेरिन
```

आपण बोट ठेवून तक्ता वाचतो. पेशीत मात्र असा तक्ता पाहणारं कोणी नसतं. तिथे हे काम टी-आरएनए नावाचे छोटे रेणू करतात. त्यांच्या एका टोकाला कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरं असतात आणि दुसऱ्या टोकाला अमायनो आम्ल लटकवलेलं असतं. सातव्या जागी थांबून पाहू. रायबोसोममध्ये GAG समोर आला की वेगवेगळे टी-आरएनए तिथे येऊन टेकतात आणि न जुळल्यामुळे निघून जातात. CUC अक्षरांचा टी-आरएनए आला की G शी C, A शी U आणि G शी C अशी जोडी जमते. तो टिकतो. त्याने आणलेल्या ग्लुटामिक आम्लाला आधीची सहा आम्लांची साखळी जोडली जाते, रायबोसोम बरोबर तीन अक्षरं पुढे सरकतो आणि पुढचा कोडॉन समोर येतो. आपल्या पेशींत हे सेकंदाला साधारण पाच आम्लांच्या वेगाने चालतं, म्हणजे एक अख्खी बीटा साखळी अर्ध्या मिनिटात तयार होते.

यात रायबोसोम फक्त अक्षरांची जोडी तपासतो. टी-आरएनएच्या दुसऱ्या टोकाला योग्य आम्ल आहे की नाही, हे तो पाहत नाही. 1962 साली हे एका प्रयोगात दिसलं. सिस्टिन लटकवलेल्या टी-आरएनएवरच रासायनिक क्रिया करून त्या सिस्टिनचं अ‍ॅलानिन केलं गेलं, आणि सिस्टिनच्या जागी अ‍ॅलानिन निमूटपणे साखळीत बसलं. योग्य टी-आरएनएला योग्य आम्ल जोडून देणं ही वेगळ्या विकरांची जबाबदारी असते. तक्ता खऱ्या अर्थाने सांभाळतात ती हीच विकरं.

अशी 147 आम्लं जोडून झाली की UAA समोर येतो. त्याच्याशी जुळणारा टी-आरएनए नसतो. त्याऐवजी एक प्रथिन येऊन बसतं आणि साखळी सुटी होते. सुरुवातीचं मिथिओनिन तर वाटेतच छाटलं जातं, म्हणून तयार बीटा साखळी 146 आम्लांची भरते. अहवाल वाचताना होणारा एक घोळ इथूनच येतो. जुन्या पद्धतीत छाटलेलं मिथिओनिन मोजत नसत, म्हणून सिकलसेलचा बदल ‘सहाव्या’ जागी सांगितला जाई. नव्या पद्धतीत कोडॉन AUG पासून मोजतात, म्हणून तोच बदल ‘सातव्या’ जागी लिहितात. दोन्हींचा अर्थ एकच.

आता c.20A>T वाचता येईल. AUG च्या A पासून मोजायला लागा. सहा कोडॉन म्हणजे अठरा अक्षरं संपतात. एकोणिसावं G, विसावं A, एकविसावं G. विसाव्या A च्या जागी जनुकात T आला आहे, म्हणून संदेशात U येणार. GAG चा GUG झाला. तक्त्यात GUG समोर व्हॅलिन आहे. रायबोसोममध्ये आता CUC चा टी-आरएनए टिकत नाही, CAC चा टिकतो आणि तो व्हॅलिन घेऊन येतो. यंत्रणेत कुठेही बिघाड नाही. टी-आरएनए बरोबर जुळला, आम्लही तक्त्याबरहुकूम बसलं. चूक संदेशातच होती आणि ती तंतोतंत पाळली गेली.

ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात रमतं. व्हॅलिनवर भार नसतो आणि ते पाणी टाळतं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की एका रेणूवरचं हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या, पाणी टाळणाऱ्याच एका खोबणीत बसतं. रेणूला रेणू चिकटत लांब ताठ दोरे तयार होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. तपासण्याही याच दोन बदलांवर आधारलेल्या आहेत. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये ऑक्सिजन काढून घेतल्यावर हे हिमोग्लोबिन विरघळून राहत नाही, नळीतलं द्रावण गढूळ होतं. मात्र वाहक आणि रुग्ण दोघांचंही द्रावण गढूळ होतं, म्हणून त्या एका चाचणीवर थांबता येत नाही. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये विजेच्या ओढीने हिमोग्लोबिन पुढे सरकतं. ऋण भार कमी झाल्यामुळे बदललेलं हिमोग्लोबिन मागे राहतं. वाहकाचे दोन पट्टे दिसतात, रुग्णाचा नेहमीच्या हिमोग्लोबिनचा पट्टा दिसत नाही.

हाच सातवा कोडॉन घेऊन एक अक्षर बदलण्याच्या सगळ्या शक्यता तपासल्या, तर त्या नऊ निघतात. तिसरं अक्षर बदलून GAA झाला तर आम्ल ग्लुटामिकच राहतं. जनुक बदललं, पण प्रथिन जसंच्या तसं. GAU किंवा GAC झाला तर अ‍ॅस्पार्टिक आम्ल येतं, तेही ऋण भाराचंच. पहिलं अक्षर बदलून UAG झाला तर सातव्या जागीच ‘थांबा’. CAG झाला तर ग्लुटामिन आणि AAG झाला तर लायसिन. हा लायसिनवाला प्रकार ‘हिमोग्लोबिन सी’ म्हणून माहीत आहे. मधलं अक्षर बदलून GUG झाला तर सिकलसेल, GGG झाला तर ग्लायसिन आणि GCG झाला तर अ‍ॅलानिन.

अक्षर बदलण्यापेक्षा एखादं अक्षर वाढणं कितीतरी जास्त नुकसान करतं. भारतात आढळणाऱ्या बीटा थॅलसेमियाच्या एका प्रकारात नवव्या कोडॉनच्या AAG नंतर एक जादा G घुसलेला असतो. रायबोसोम तीन-तीनचीच पावलं टाकतो, त्यामुळे तिथून पुढचे सगळे गट एका अक्षराने सरकतात:

```
मूळ   : AAG UCU GCC GUU ACU ...
जादा G: AAG GUC UGC CGU UAC ...
```

सेरिन, अ‍ॅलानिन, व्हॅलिन, थ्रिओनिन यांच्याऐवजी व्हॅलिन, सिस्टिन, अर्जिनिन, टायरोसिन येतात. असंच पुढे वाचत गेलं की AUG पासूनच्या तेविसाव्या कोडॉनवर UGA समोर येतो आणि वाचन तिथेच थांबतं. या प्रतीपासून कामाची बीटा साखळी मिळतच नाही.

इतकं सगळं तक्त्यावरून घरबसल्या काढता येतं. त्याची मर्यादाही याच कोडॉनमध्ये दिसते. GUG ने व्हॅलिन येतं, GCG ने अ‍ॅलानिन. दोन्ही लहान, दोन्ही भार नसलेली. तक्त्यावर नजर टाकून दोन्ही बदल सारखेच घातक वाटतील. पण अ‍ॅलानिन त्या खोबणीत तसं घट्ट बसत नाही आणि त्याने विळ्यासारख्या पेशी होत नाहीत. ‘जी-मकासर’ नावाचं हे हिमोग्लोबिन काही माणसांमध्ये नैसर्गिकरीत्या सापडलं आहे. कोणतं आम्ल येईल हे तक्ता सांगतो. ते त्या जागी कसं वागेल, हे साखळीची घडी आणि शेजारचे रेणू ठरवतात.

संशोधकांनी या फरकाचा उपयोग करून पाहिला आहे. जनुकातलं एकच अक्षर बदलणारं एक साधन A चा G करतं. जोडीच्या धाग्यावर वापरलं तर T चा C होतो, पण T चा A मात्र त्याला करता येत नाही. म्हणजे सिकलसेलच्या GUG चा पुन्हा GAG करणं त्याच्या आवाक्याबाहेर आहे. GCG करणं आहे. रुग्णांच्या रक्त तयार करणाऱ्या पेशींवर प्रयोगशाळेत आणि पुढे उंदरांमध्ये हा बदल करून पाहिला, तेव्हा विळ्यासारख्या होणाऱ्या पेशी कमी झाल्या. मूळ अक्षर परत आणता येत नसेल, तर तक्त्यात शेजारी कोणता निरुपद्रवी कोडॉन आहे, हा प्रश्नही आता उपचाराचा प्रश्न झाला आहे.