'कळवतो' म्हणण्याआधी

कादंबरीत बघण्याचा कार्यक्रम आला की पुष्कळ लेखक मुलीच्या हातात चहाचा ट्रे देतात, कपबशा थरथरवतात आणि मोकळे होतात. प्रसंग तेवढ्याने रंगत नाही. बैठकीतल्या प्रत्येकाच्या मनात 'हे जमेल का?' एवढंच असतं आणि नेमकं तेच विचारता येत नाही. मग 'घर स्वतःचं का?', 'शनिवारी सुट्टी असते ना?' असले प्रश्न निघतात. विनोद या आडवळणातच असतो. त्यासाठी कुणाला वेंधळं करावं लागत नाही.

समजा, मुलीचं घर सांगलीत आहे आणि पाहुणे पुण्याहून यायचेत. 'इस्लामपूर सोडलं' असा फोन येताच आई घाईने पोहे भिजवते. पाहुणे रस्ता चुकतात, तास जातो आणि पोह्यांचा गोळा होतो. आई तो हाताने मोकळा करते, पाण्याचा हबका मारून वाफ आणते, वर खोबरं-कोथिंबीर जरा जास्तच पेरते. पहिल्या घासालाच मुलाची आत्या विचारते, "पोहे मुलीनेच केले का?"

'हो' म्हणावं तर खोटं, शिवाय बिघडल्याचं खापर मुलीवर. 'नाही' म्हणावं तर तिला स्वयंपाक येत नाही असा अर्थ निघणार. वडील पावसाचा विषय काढतात. तेवढ्यात इतका वेळ सतरंजीकडे बघत बसलेला मुलगा म्हणतो, "आम्हीच उशिरा आलो, आत्या." मुलगी पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे बघते.

हा प्रसंग मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आईच्या बाजूने लिहीन. तिला बाहेरचं निम्मंच दिसतं आणि उरलेलं ती आवाजावरून ताडते, त्यामुळे वाचकही तिच्याबरोबर अंदाज बांधत राहतो. आत्याला मात्र खाष्ट करून सोडू नये. आईविना वाढलेल्या या मुलाला तिने सांभाळलंय, असं आधीच्या प्रकरणात आलं असेल, तर तिच्या प्रश्नामागची धास्ती कळते.

विक्रम सेठ यांच्या 'अ सुटेबल बॉय' (१९९३) या कादंबरीत हरेशचे दुरंगी बूट लताच्या डोळ्यांत खुपतात. तो चपला-बुटांच्याच धंद्यातला, त्याला ते झोकदार वाटतात. एका बुटांवरून दोघांची जगं वेगळी दिसतात आणि तरीही शेवटी लता त्याच्याशीच लग्न करते.

खरी घसरण पुढे होते. दोघांना गच्चीवर पाठवलं की लेखक त्यांच्या तोंडी स्वातंत्र्यावरची भाषणं घालतो. दहा मिनिटांत अनोळखी माणसं तसं बोलत नाहीत. "नोकरी चालू ठेवायचीय मला," ती म्हणेल. तो म्हणेल, "पुण्यात बदली मिळेल?" या साध्या प्रश्नात त्याचा होकार डोकावतो, पण तिला ती नुसती चौकशी वाटू शकते. खाली मंडळी निघताना 'घरी बोलून कळवतो' म्हणतात. होकार असो वा नकार, शब्द हेच असतात, म्हणून लेखकाने उत्तर त्याच प्रकरणात देऊन टाकू नये.