बारा हजार वस्तूंची जाहिरात कोण लिहिणार?

समजा, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत बेअरिंगचा एक मोठा व्यापारी आहे. त्याच्या संकेतस्थळावर बारा हजार प्रकारचे बेअरिंग आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र पान आहे. त्याला गुगलवर जाहिरात करायची आहे. नेहमीची रीत अशी की आपण शोधशब्द, म्हणजे कीवर्ड, निवडायचे, मथळे लिहायचे आणि ती जाहिरात कुठल्या पानावर नेईल ते ठरवायचं.

नुसता 'बेअरिंग' हा कीवर्ड घेतला, तर माहिती शोधणारा विद्यार्थीही क्लिक करतो आणि त्या क्लिकचे पैसे व्यापाऱ्याला मोजावे लागतात. खरं गिऱ्हाईक वेगळं असतं. कारखान्यातला फिटर मोटर उघडतो, झिजलेल्या बेअरिंगच्या कडेवरचा आकडा वाचतो आणि फोनवर 6204-2RS असं टाइप करतो. त्यातल्या 04 ला पाचने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, 20 मिलिमीटर. 2RS म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. नेमका हाच आकडा शोधणारा माणूस बहुधा विकत घ्यायलाच आलेला असतो.

मग बारा हजार आकडे कीवर्ड म्हणून का भरू नयेत? कारण 6204 सारखे प्रचलित आकडे सोडले, तर उरलेल्यांपैकी कित्येकांचा शोध क्वचितच होतो. असे कीवर्ड गुगल Low search volume असा शेरा मारून बाजूला ठेवतं, आणि त्यांच्यावर जाहिरात दिसतच नाही.

नेमकी ही फट भरण्यासाठी 'डायनॅमिक सर्च अ‍ॅड्स' उपयोगी पडतात. गुगलने हा प्रकार 2011 मध्ये आणला. यात कीवर्ड द्यावे लागत नाहीत. गुगलने संकेतस्थळाची पानं आधीच वाचून ठेवलेली असतात. कुणी काही शोधलं की त्याच्याशी जुळणारं पान निवडलं जातं, मथळा त्या पानावरून आणि शोधलेल्या शब्दांवरून तयार होतो आणि क्लिक करणारा थेट त्याच पानावर पोहोचतो. मथळ्याखालचं वर्णन तेवढं आपण लिहायचं. ते कुठल्याही बेअरिंगला लागू पडेल असंच हवं: 'अस्सल माल, जीएसटी बिलासह'.

मथळा आपल्या हातात नाही, म्हणून पान नीट हवं. पानाचं शीर्षक '6204-2RS बॉल बेअरिंग, 20×47×14 मिमी' असेल तर मथळाही तसाच नेमका उतरण्याची शक्यता असते. बारा हजार पानांना 'प्रॉडक्ट तपशील' एवढंच शीर्षक असेल, तर गुगलला उचलायला काहीच नाही. माझ्या मते जाहिरातीवर पहिला रुपया घालण्याआधी शीर्षकं दुरुस्त करावीत.

दुसरी चूक म्हणजे सगळं संकेतस्थळ मोकळं सोडणं. मग नोकरभरतीचं पान, माल परत करण्याचे नियम, 'बेअरिंग कसं काढावं' हा लेख, सगळ्यांच्याच जाहिराती निघतात. त्यापेक्षा पानांची यादी आपणच द्यावी. साध्या तक्त्यात दोन रकाने असतात, Page URL आणि Custom label. दुसऱ्या रकान्यात आपल्या सोयीचं नाव घालायचं, आणि तिथे मालाच्या जातीपेक्षा नफ्याप्रमाणे गट पाडणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

का, ते हिशेबातून दिसतं. धरून चालू की क्लिकला 10 रुपये पडतात आणि पन्नास क्लिकमागे एक ऑर्डर येते. म्हणजे एका ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च 500 रुपये. ज्या छोट्या बेअरिंगवर 60 रुपये सुटतात तिथे हा उघड तोटा आहे. मोठ्या रोलर बेअरिंगवर दोन हजार सुटत असतील, तर तोच खर्च परवडतो. गट वेगळे असले की मोठ्या मालासाठी बोली चढवता येते आणि छोट्या मालाची पानं वगळता येतात. ज्या पानांवर 'माल संपला' असं लिहिलेलं असतं, तीही त्या मजकुरावरून वगळायची सोय आहे.

लोकांनी नेमकं काय शोधून आपल्या जाहिरातीवर क्लिक केलं, ते अहवालात दिसतं. सुरुवातीला तो रोज पाहावा, पुढे आठवड्यातून एकदा. 'जॉब', 'पीडीएफ', 'दुरुस्ती' असे शब्द येऊ लागले की ते नकारात्मक कीवर्ड म्हणून नोंदवायचे. उलट एखादा आकडा वारंवार ऑर्डर आणत असेल, तर त्याच्यासाठी स्वतंत्र कीवर्ड घेऊन हाताने जाहिरात लिहावी. या जाहिराती नवी गिऱ्हाइकं कुठल्या शब्दांनी येतात ते दाखवतात, आणि मला त्यांचा हाच उपयोग सर्वांत मोठा वाटतो.

जिथे भाव आणि सवलती रोज बदलतात, तिथे हा प्रकार टाळावा, कारण गुगलने वाचलेलं पान जुनं असू शकतं. ज्या पानांवर केवळ चित्रं आहेत किंवा जी लॉगिनशिवाय उघडत नाहीत, तिथेही तो चालत नाही. आणि तुमच्याकडे वीसच वस्तू असतील, तर एका दुपारी बसून वीस जाहिराती स्वतः लिहा. त्या यापेक्षा चांगल्या होतील.