दारापासून खुर्चीपर्यंत : मुलाखतीची पहिली पंधरा सेकंदं

मुलाखतीची तयारी करून घेणारे एक वाक्य हमखास सांगतात : पहिल्या सात सेकंदांत तुमचा निकाल लागतो. ते ऐकून आधीच घाबरलेला उमेदवार आणखी घाबरतो आणि ती भीती चेहऱ्यावर घेऊनच आत येतो. प्रत्यक्षात निकाल इतक्या लवकर लागत नाही. अमेरिकेतल्या सहाशेहून अधिक मुलाखतींवरचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. आपला निर्णय नेमका कधी झाला, हे त्यात मुलाखतकारांनीच सांगितलं होतं. पहिल्या मिनिटातच निर्णय झाल्याचं प्रमाण साधारण ५ टक्के निघालं. पाच मिनिटांपर्यंत ते ३० टक्क्यांच्या आसपास पोचलं. बाकीच्यांनी निर्णयासाठी त्याहून जास्त वेळ घेतला.

मात्र मत लगेच बनतं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर तोडोरोव्ह यांनी २००६ साली दाखवून दिलं की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला, तरी माणसं त्याच्या विश्वासार्हतेबद्दल आणि कर्तबगारीबद्दल अंदाज बांधतात. वेळ वाढवून दिला तर तो अंदाज फारसा बदलत नाही, फक्त त्याबद्दलची खात्री वाढते. असं मत पुढे काय करतं, हे १९९४ सालच्या एका अभ्यासात दिसलं. अर्ज आणि चाचणीचे गुण पाहून ज्या उमेदवाराबद्दल आधीच चांगलं मत झालं होतं, त्याच्याशी मुलाखतकार जास्त आपुलकीनं बोलत, कंपनीबद्दल स्वतःहून सांगत आणि खोदून कमी विचारत. पहिल्या क्षणांचं काम तेवढंच असतं. त्यांनी नोकरी मिळत नाही, पण समोरचा माणूस आपल्याशी कोणत्या सुरात बोलायला लागेल, त्यावर त्यांचा परिणाम होतो.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. चाकणजवळचा कारखाना आहे आणि लेखा विभागात सहायकाची जागा भरायची आहे. साताऱ्याजवळच्या गावातून पहाटेच्या एसटीनं निघालेली, नुकतीच बी.कॉम. झालेली मुलगी मुलाखतीला आली आहे. बोलावलं साडेनऊला, पण नंबर लागला बारा वाजून चाळीस मिनिटांनी. आत तिघं बसले आहेत : मध्ये लेखा विभागाचे प्रमुख, एका बाजूला एचआरच्या बाई, दुसऱ्या बाजूला ऑडिट पाहणारे गृहस्थ. सकाळपासूनचे उमेदवार पाहून तिघंही कंटाळलेत आणि तिच्याआधीच्या मुलाच्या कागदावर शेरा लिहिणं अजून चालूच आहे.

तिची पहिली अडचण दाराबाहेरच सुरू झालेली असते. तीन तास खुर्चीत वाकून फोन पाहिला की मान पुढे येते, खांदे गोल होतात आणि आत जातानाही ते तसेच राहतात. म्हणून आपल्या आधीचा माणूस आत गेला की फोन बंद करून पर्समध्ये टाकावा, उभं राहावं आणि चार पावलं चालावं. हात पुसून कोरडे करावेत. फाइल डाव्या हातात घ्यावी, म्हणजे उजवा हात मोकळा राहतो. एवढी तयारी पुरते. आरशासमोर कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि धाडस येतं, असा एक दावा २०१० साली फार गाजला होता. मोठ्या गटावर तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा संप्रेरकांवरचा परिणाम सापडला नाही आणि २०१६ साली मूळ संशोधकांपैकी एकीनं तो दावा सोडून दिला. ताठ उभं राहावं ते समोरच्याला नीट दिसावं आणि आपला आवाज मोकळा निघावा म्हणून. वाकलेल्या छातीतून निघालेलं ‘गुड आफ्टरनून’ टेबलापर्यंत पोचत नाही.

नाव पुकारल्यावर दारावर टकटक करावी, दार अर्धं उघडून ‘मे आय कम इन, सर?’ असं एकदाच विचारावं आणि उत्तराची वाट पाहावी. बहुतेक उमेदवार चुकतात ते इथे. विचारता विचारताच ते आत शिरतात, किंवा विचारून झालं की तिथूनच अभिवादन सुरू करतात. दारातून टाकलेलं अभिवादन अर्धवट ऐकू येतं, आणि मग खुर्चीजवळ पोचल्यावर पुन्हा तेच म्हणावं लागतं. दार हातानं धरून बंद करावं, ते मागे आपटू देऊ नये. नेहमीच्या चालीनं टेबलाकडे यावं आणि खुर्चीच्या मागे किंवा बाजूला थांबावं. थांबायचं म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर, वजन दोन्हींवर सारखं. एका पायावर रेललेला किंवा खुर्चीची पाठ धरून उभा असलेला माणूस अवघडलेला दिसतो.

आता नजर. आपल्याकडे मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं ही रीत आहे आणि गावात वाढलेल्या मुलामुलींच्या ती अंगात मुरलेली असते. मुलाखतीच्या खोलीत मात्र तीच रीत आत्मविश्वास नसल्याची खूण म्हणून वाचली जाते. त्यावर क्लासमध्ये सांगितला जाणारा उपाय म्हणजे ‘डोळ्यांत डोळे घालून बोला’. मग उमेदवार टक लावून पाहतो आणि समोरचाच अवघडतो. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात पाहुण्यांवर झालेल्या एका प्रयोगात, अनोळखी माणसानं सलग किती वेळ पाहिलं तर बरं वाटतं हे मोजलं गेलं. सरासरी उत्तर तीन सेकंदांहून थोडं जास्त आलं. योगायोगानं ‘गुड आफ्टरनून, सर’ म्हणून हलकं हसायलाही जेमतेम तेवढाच वेळ लागतो. म्हणजे अभिवादनापुरतं एका माणसाकडे पाहायचं आणि मग नजर पुढच्या माणसाकडे न्यायची, हा नैसर्गिक हिशेब आहे. थेट डोळ्यांकडे पाहणं जमत नसेल तर भुवयांच्या मधोमध पाहावं. टेबलापलीकडून तो फरक सहसा कळत नाही.

आपल्या प्रसंगातल्या मुलीसमोर मात्र वेगळाच पेच आहे. मधले साहेब मान खाली घालून लिहीत आहेत. त्यांच्या डोक्याकडे पाहून केलेलं अभिवादन वाया जातं. एचआरच्या बाई मात्र तिच्याकडे पाहत आहेत. तिनं आधी त्यांच्याकडे पाहून ‘गुड आफ्टरनून, मॅडम’ म्हणावं. एवढ्या आवाजानं साहेब बहुधा वर बघतातच. त्यांनी वर पाहिलं की ‘गुड आफ्टरनून, सर’, आणि तिसऱ्या गृहस्थांकडे पाहून नुसती मान झुकवली तरी चालते. तिघांना तीनदा तेच वाक्य म्हणण्याची गरज नाही. साहेबांनी वर पाहिलंच नाही, तर दोन-तीन सेकंद शांत उभं राहावं, कारण लिहिणारा माणूस ओळ पुरी करून वर पाहतो. या शांततेला घाबरून उमेदवार बोलत सुटतात, किंवा न विचारता बसतात. वेळेकडेही लक्ष असावं. सकाळपासून मनात घोकलेलं ‘गुड मॉर्निंग’ पाऊण वाजता तोंडातून सहज निघून जातं. तसं झालं तर दुरुस्त करून पुढे जावं, माफी मागत बसू नये.

हात पुढे करायचा का? आपल्याकडे सोपा नियम असा की तो मुलाखतकारानं करावा. त्यानं केला तर आपण पूर्ण तळवा देऊन, दाबून नव्हे पण निसटताही नव्हे, एक-दोन झटक्यांत हात मिळवावा. केला नाही तर शब्द आणि मान पुरे आहेत. बाई असो की पुरुष, नमस्कारानं काम होतं आणि तो कुणालाच खटकत नाही. फक्त हातात फाइल धरून नमस्कार करू नये. फाइल आधी काखेत जाते, मग खाली घसरते आणि सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे जातं.

‘बसा’ म्हटल्यावर ‘थँक यू’ म्हणून बसावं. खुर्ची ओढायची असेल तर उचलून ओढावी. पाठ टेकवून बसावं, फाइल मांडीवर आणि हात तिच्यावर. खुर्चीच्या कडेवर टेकलेला माणूस उठून पळण्याच्या तयारीत दिसतो.

राहिलं पहिलं वाक्य. क्लासमध्ये पाठ करून घेतलेलं एक वाक्य पॅनेलवर बसणाऱ्यांनी शेकडो वेळा ऐकलेलं असतं : ‘फर्स्ट ऑफ ऑल, थँक यू फॉर गिव्हिंग मी धिस गोल्डन ऑपॉर्च्युनिटी टू इंट्रोड्यूस मायसेल्फ.’ गंमत म्हणजे ते पुष्कळदा कुणी काही विचारण्याआधीच सुरू होतं. त्यापाठोपाठ नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय आणि छंद एका दमात येतात. पॅनेलला त्यातून नवीन काही कळत नाही, कारण हे सगळं समोरच्या अर्जात लिहिलेलं असतं. शिवाय अशा वाक्यात अडखळलं की सापडत नाही, पाठांतराचा धागाच तुटतो.

पहिलं वाक्य बहुधा मुलाखतकाराचंच असतं, आणि तेही साधं : ‘कुठून आलात?’, ‘बराच वेळ बसावं लागलं का?’ त्याचं खरं, छोटं उत्तर हेच उमेदवाराचं पहिलं वाक्य. ज्या भाषेत विचारलं त्याच भाषेत उत्तर द्यावं. साहेबांनी मराठीत विचारलं तर तयार इंग्रजीसाठी अडून राहू नये. आपली मुलगी म्हणते, ‘साताऱ्याजवळून आले सर, पहाटेच्या एसटीनं. वाट पाहताना तुमच्या कारखान्याचं माहितीपत्रक वाचून काढलं.’ यात तक्रार नाही, फुशारकी नाही, आणि साहेबांना पुढचा प्रश्न विचारायला जागा आहे. ते विचारतीलच : ‘मग काय वाचलंत?’ अर्थात हे वाक्य तिनं खरंच वाचलं असेल तरच बोलायचं. थेट ‘स्वतःबद्दल सांगा’ आलं, तर नाव, शिक्षण आणि या जागेशी जोडलेली एक गोष्ट एवढ्यावर थांबावं. उदाहरणार्थ : ‘बी.कॉम. झालंय, आणि गेलं वर्षभर तालुक्याच्या एका कर सल्लागाराकडे जीएसटीच्या नोंदी करते आहे.’ लेखा विभागाच्या माणसाला बोलायला एवढं पुरतं.

व्हिडिओवरच्या मुलाखतीत क्रम हाच राहतो. फक्त अभिवादन करताना पडद्यावरच्या चेहऱ्याकडे नव्हे, तर कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहावं, आणि आवाज उशिरा पोचतो म्हणून बोलून झाल्यावर क्षणभर थांबावं.

या सगळ्याला मर्यादाही आहेत. नजर भिडवणं काहींना जमतच नाही. दृष्टी कमी असते, स्वमग्नता असते, किंवा जन्माचं बुजरेपण असतं, आणि त्याचा हिशेब लिहिण्याच्या कौशल्याशी काही संबंध नसतो. म्हणून टेबलापलीकडे बसणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. उमेदवार आत येईल तेव्हा आधीच्या उमेदवाराचा शेरा लिहून झालेला असू द्या, मान वर असू द्या, आणि पहिला प्रश्न सर्वांना एकच विचारा. उमेदवारांनी आदल्या संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी खुर्चीत बसवून दार, चाल, अभिवादन आणि पहिलं उत्तर एवढ्याचाच चार-पाच वेळा सराव करावा. उरलेला वेळ जमाखर्च आणि जीएसटीच्या उजळणीला द्यावा, कारण नोकरी शेवटी त्या उत्तरांवरच मिळते.