जाड नळकांड्याच्या भिंतीतील प्रतिबलांची वाटणी

'दाब' व 'ताण' हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या विरुद्ध अर्थांनी वापरले जातात. आतून दाब सोसणाऱ्या जाड नळकांड्याच्या भिंतीत मात्र या दोहोंची वस्ती एकाच ठिकाणी असते. भिंतीतील कोणताही कण त्रिज्येच्या दिशेने दाबला जातो आणि त्याच वेळी परिघाच्या दिशेने ओढला जातो. पहिल्यास त्रैज्य व दुसऱ्यास परिघीय प्रतिबल म्हणू. भिंतीच्या जाडीतून जाताना ही दोन प्रतिबले कशी बदलतात, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

भिंत पातळ असेल तर परिघीय प्रतिबल सर्व जाडीत सारखेच मानता येते. भिंत जाड झाली की हे गृहीत ढासळते. त्याचे कारण साधे आहे. भिंत ही एकात एक बसविलेल्या अनेक कड्यांची बनली आहे अशी कल्पना करावी. दाबाने सर्व कडी बाहेर सरकतात. परंतु कड्याची प्रमाणशीर लांबवाढ म्हणजे हे सरकणे भागिले त्रिज्या. आतील कड्याची त्रिज्या लहान असल्यामुळे तेच अधिक ताणले जाते. बाहेरील कडी भार उचलण्यात मागे राहतात.

हा विचार फ्रेंच गणिती लामे याने सूत्रबद्ध केला. त्याची सूत्रे अशी:

σr = A − B/r²
σθ = A + B/r²

येथे r ही विचाराधीन बिंदूची त्रिज्या, σr त्रैज्य व σθ परिघीय प्रतिबल होय. धन चिन्ह ओढीचे व ऋण चिन्ह दाबाचे. आतील पृष्ठावर त्रैज्य प्रतिबल दाबाइतके आणि बाहेरील पृष्ठावर शून्य असते. या दोन अटींवरून A व B ठरतात.

एक उदाहरण घेऊ. एका जलदाबयंत्राच्या पोलादी नळकांड्याची आतील त्रिज्या ५० मि.मी., बाहेरील १०० मि.मी. आणि आतील दाब प्रती चौरस मि.मी. ६० न्यूटन आहे. पुढील प्रतिबले याच एककात आहेत. येथे A = २० व B = २,००,००० येतो. त्यावरून आतील पृष्ठावर परिघीय प्रतिबल १००, भिंतीच्या मध्यावर सुमारे ५५.६ आणि बाहेर ४० मिळते. त्रैज्य प्रतिबल अनुक्रमे −६०, −१५.६ व ० होते. दोहोंची बेरीज सर्वत्र ४० च राहते, हे गणित पडताळण्याचे सोपे साधन होय. पातळ भिंतीच्या सूत्राने मात्र सर्वत्र ६० हेच उत्तर आले असते, आणि आतील पृष्ठावर ते घातक ठरले असते. म्हणूनच बाहेरून प्रतिबल मोजून निश्चिंत होणाऱ्याने या नळकांड्यात ते आत अडीचपट असते, याचे भान ठेवावे. तडा आतून सुरू होतो व बाहेरून तो प्रथम दिसत नाही.

मग भिंत आणखी जाड करावी, असे कोणीही म्हणेल. बाहेरील त्रिज्या १५० केली तर आतील परिघीय प्रतिबल ७५ वर येते. २०० केली तर ६८ वर. या शेवटच्या नळकांड्यास मूळच्या पाचपट धातू लागतो. भिंत कितीही वाढविली तरी हे प्रतिबल ६० च्या, म्हणजे खुद्द दाबाच्या, खाली जात नाही. अर्थात धातूला जेवढी ओढ सोसते त्याहून दाबच अधिक असेल, तर केवळ जाडीचा उपाय निष्फळ आहे.

खरा उपाय गाडीच्या चाकावर धाव चढविणाऱ्या लोहाराच्या हाती पूर्वीपासून आहे. बाहेरील कडे किंचित लहान ठेवून, तापवून चढवावे. निवताना ते आतील भागास आवळते. वरील नळकांडे ७५ मि.मी. त्रिज्येवर दोन भागांत विभागले आणि या आवळण्याचा दाब ७ राखला, तर आतील पृष्ठावर आधीच २५.२ इतके परिघीय संपीडन साठते. काम सुरू झाल्यावर तेथील प्रतिबल १०० ऐवजी ७४.८ होते. बाह्य भागाच्या आतील पृष्ठावर मात्र ५५.६ मध्ये २५ ची भर पडून ते ८०.६ होते. धातू तेवढाच, परंतु सर्वाधिक प्रतिबल १०० वरून ८०.६ वर उतरले, कारण आळशी बाह्य थरांना कामाला लावले गेले. आवळणे १० केले असते, तर आतील प्रतिबल ६४ वर उतरले असते, पण बाह्य भागात ते ९१.३ वर चढले असते. तेव्हा आवळण्यालाही योग्य माप आहे.

ही सूत्रे धातू स्थितिस्थापक मर्यादेत असेपर्यंतच आणि नळकांड्याच्या टोकांपासून दूर लागू पडतात. टोकांशी, तसेच भिंतीला पाडलेल्या आडव्या छिद्रांशी, प्रतिबले वेगळी व बहुधा अधिक असतात. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.